क्लिनिक सोडताना फाईलमध्ये नसलेलं

पार्टनरशिप सोडायची म्हटलं की लोकांना वाटतं खरी भांडणं मशीनवरून आणि डिपॉझिटवरून होणार. आमच्याकडे तो भाग सीएने दोन बैठकांत मिटवला. अडलं ते पेशंटवर. माझा पार्टनर म्हणजे कॉलेजपासूनचा मित्र, त्यामुळे तो अगदी मोकळेपणाने म्हणाला, "तुझे पेशंट तू घेऊन जा, माझे माझ्याकडे राहू दे, संपला विषय." ऐकायला उदार वाटतं, पण यात पेशंटला कोणी विचारलेलंच नाहीये. आणि इतकी वर्षं एकमेकांच्या सुट्ट्या सांभाळत दोघांनी मिळून बघितलेले पेशंट वाटून घ्यायचे तरी कसे?

रेकॉर्डचं साधारण असं असतं की फाईल सांभाळायची जबाबदारी क्लिनिकची, आणि आतली माहिती पेशंटची. म्हणून मूळ फाईल जिथे आहे तिथेच राहते, पेशंटला कॉपी मागायचा हक्क असतो, आणि सोडून जाणाऱ्या डॉक्टरला कॉपी मिळते ती पेशंटने सही करून सांगितलं तरच. आमच्या करारात रेकॉर्डबद्दल एकच ओळ होती, "क्लिनिकची मालमत्ता". म्हणजे कपाटासारखीच. मग वेगळा कागद केला आणि त्यात तीन गोष्टी घातल्या: रेकॉर्ड किती वर्षं ठेवायचं (हा आकडा जागेजागेच्या कायद्याप्रमाणे बदलतो, तो बघूनच लिहायचा), मला न कळवता माझ्या काळातल्या फाईली नष्ट करायच्या नाहीत, आणि उद्या माझ्या एखाद्या केसबद्दल तक्रार आली तर त्या एका फाईलची कॉपी मला मिळेल. ही तिसरी अट भांडण नसतानाच लिहून घ्यावी. तक्रार येते तेव्हा डॉक्टर कुठेतरी दुसरीकडे असतो आणि आपण तेव्हा काय लिहिलं होतं हे बघायलाही त्याला कोणाच्या तरी मेहेरबानीवर राहावं लागतं.

सॉफ्टवेअरचं आणखी एक असतं. सगळ्या फाईली पीडीएफ करून पेन ड्राईव्हवर घेतल्या म्हणजे रेकॉर्ड जपलं असं वाटतं, पण पीडीएफमध्ये कोणी कधी काय बदललं तो इतिहास येत नाही, आणि सोनोग्राफीची चित्रं बऱ्याचदा वेगळ्याच जागी साठवलेली असतात, रिपोर्टसोबत ती आपोआप येत नाहीत. आमचं सॉफ्टवेअर तेच राहणार होतं म्हणून हा त्रास वाचला, पण क्लिनिक बंदच होणार असेल तर हे आधी तपासावं लागतं, आणि तेही लायसन्स संपायच्या आत.

आणि हो, फोन नंबरांची यादी. निघताना सगळ्यांचे नंबर एका शीटमध्ये उतरवून न्यायचे हा मोह प्रत्येकाला होतो, आणि "मी तर त्यांना ओळखतेच की" असं आपण स्वतःला समजावतो. पण पेशंटने नंबर दिलेला असतो उपचारासाठी. 1948 च्या जिनिव्हा घोषणेपासून डॉक्टर पेशंटची गुपितं पाळायची शपथ घेत आलेत, आणि अमुक बाई या क्लिनिकची पेशंट आहे ही गोष्टसुद्धा त्यातच मोडते असं माझं मत आहे. मी यादी नेली नाही. पार्टनरने त्या बदल्यात कबूल केलं की पत्र दोघांच्या सहीने क्लिनिकमधूनच जाईल.

पण हे सगळं झालं कागदाचं. माझी झोप उडवली होती ती वेगळ्याच गोष्टीने. फाईल दिली म्हणजे पेशंट सोपवला असं होत नाही. फाईलमध्ये असतं ते झालेलं. अर्धवट राहिलेलं असतं डॉक्टरच्या डोक्यात, आणि डॉक्टर निघून गेला की ते कुठेच नसतं.

अर्धवट म्हणजे काय, तर पाठवलेली पण रिपोर्ट न आलेली तपासणी, दुसऱ्या डॉक्टरकडे चिठ्ठी दिली पण तिकडून उत्तर नाही असा पेशंट, आणि सगळ्यात फसवी म्हणजे पुढे कधीतरी करायची तपासणी. पहिल्या दोन शोधता येतात. लॅबला गेलेल्या सॅम्पलचं रजिस्टर घ्यायचं आणि आलेल्या रिपोर्टशी एकेक ओळ जुळवत जायचं, जे जुळत नाही ते पेंडिंग. कंटाळवाणं काम आहे, पण सॉफ्टवेअरला विचारून हे होत नाही, कारण जो रिपोर्ट आलाच नाही त्याची सॉफ्टवेअरला खबरच नसते.

तिसऱ्या प्रकारचं उदाहरण सांगते. एका गृहस्थांचा खोकल्यासाठी सीटी स्कॅन केला होता, खोकला बरा झाला, पण स्कॅनमध्ये फुफ्फुसात 7 मिलिमीटरची एक छोटी गाठ सहज दिसली होती. अशा एकट्या, घन, 6 ते 8 मिलिमीटरच्या गाठीसाठी फ्लाइश्नर सोसायटीच्या 2017 च्या मार्गदर्शक सूचना सांगतात की 6 ते 12 महिन्यांनी परत सीटी करा. बहुतेक वेळा त्यातून काही निघत नाही. पण त्या गृहस्थांना काहीच त्रास नाहीये, ते स्वतःहून येणार नाहीत, रिपोर्ट फाईलमध्ये व्यवस्थित लावलेला आहे, आणि परत कधी करायचा ते लक्षात होतं फक्त माझ्या, म्हणजे माझ्या फोनमधल्या रिमाइंडरमध्ये. मी क्लिनिक सोडलं की तो रिमाइंडर वाजणार माझ्या फोनवर, आणि पेशंट आणि फाईल दोन्ही दुसरीकडे. अशा सगळ्या नोंदी क्लिनिकच्या कॅलेंडरवर पार्टनरच्या नावाने चढवल्या, आणि जे पेशंट भेटले त्यांच्या हातातही तारीख लिहिलेला कागद दिला. पेशंटच्या हातातला कागद हा माझ्या मते सगळ्यात भरवशाचा, कारण डॉक्टर बदलले तरी पेशंट तोच राहतो.

व्हॉट्सअ‍ॅप ही अजून एक भानगड. किती रिपोर्ट, पुरळाचे फोटो, "मॅडम शुगर 280 आलीये काय करू" आणि त्यावर माझं उत्तर, हे सगळं माझ्या खाजगी फोनवर. तो उपचाराचाच भाग आहे, मग त्याची जागा फाईलमध्ये. एकेक संवाद उघडून कामाचं तेवढं फाईलमध्ये चढवलं आणि मगच फोनमधून काढलं. हे रोजच्या रोज करायचं असतं, निघताना एकदम करायला बसलं की जीव जातो.

आता एक केस नीट सांगते, कारण सोपवणं म्हणजे काय हे त्याशिवाय कळत नाही. ओळख पटू नये म्हणून थोडं इकडचं तिकडे केलंय. साठीच्या आसपासच्या एक काकू, संधिवात, म्हणजे रूमॅटॉइड आर्थ्रायटिस, मेथोट्रेक्सेटवर स्थिर. डोस 15 मिलिग्रॅम आठवड्यातून एकदा, म्हणजे अडीच मिलिग्रॅमच्या सहा गोळ्या रविवारी, आणि दुसऱ्या दिवशी फॉलिक अ‍ॅसिड. दर दोन-तीन महिन्यांनी रक्त: सीबीसी, लिव्हर, क्रिएटिनिन. फाईलमधली माझी शेवटची नोंद होती, "सांधे बरे, रिपोर्ट नॉर्मल, तेच चालू". खोटं काहीच नाही यात. पार्टनरने ही ओळ वाचली असती तर तेच चालू ठेवलं असतं, मीही ठेवलं असतं त्याच्या जागी.

पण मागचे तीन रिपोर्ट शेजारी ठेवले तर प्लेटलेट 2,60,000 वरून 2,05,000 वर आणि मग 1,62,000 वर. लॅबची खालची मर्यादा 1,50,000, त्यामुळे तिन्ही वेळा कागदावर नॉर्मलच छापून आलेलं, लाल काही नाही. क्रिएटिनिन 0.8 वरून 1.1, तेही लॅबच्या हिशेबात नॉर्मल. मेथोट्रेक्सेट शरीरातून बाहेर जातं मुख्यतः किडनीवाटे. किडनीचं काम थोडं मंदावलं की तोच डोस अंगात जास्त वेळ राहतो, आणि त्याचा मार बसतो बोनमॅरोवर, तिथेच रक्तपेशी तयार होतात. म्हणजे हे दोन आकडे वेगवेगळे नाहीत, एकाच गोष्टीची दोन टोकं असू शकतात. त्यात काकू गुडघ्यासाठी मधूनमधून मेडिकलमधून पेनकिलर आणून घेतात हे मला माहीत होतं, कारण एकदा निघता निघता दारात उभ्या राहून त्या सहज बोलून गेल्या होत्या. किडनीवर ताण आणणाऱ्यांत या गोळ्या येतातच.

आणि अजून एक. काकूंना लघवीचं इन्फेक्शन वारंवार होतं. त्यासाठी हाताशी असलेलं, स्वस्त, जुनं औषध म्हणजे को-ट्रायमॉक्साझोल. ते मेथोट्रेक्सेटबरोबर द्यायचं नसतं, दोन्ही औषधं फॉलिक अ‍ॅसिडच्याच वाटेत आडवी येतात आणि रक्तपेशी धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकतात. मला हे काकूंच्या बाबतीत पाठ होतं, म्हणून मी कधी दिलं नाही, आणि कधी दिलं नाही म्हणून फाईलमध्ये त्याचा उल्लेखच नाही. जे औषध आपण टाळतो त्याची नोंद होत नाही, हे फाईलींचं एक मोठं भोक आहे.

तर मग काकूंसाठी फाईलच्या पहिल्याच पानावर नोट लिहिली. आधी औषध, आणि ते अक्षरात, "आठवड्यातून एकदाच, फक्त रविवारी, सहा गोळ्या", कारण हे औषध चुकून रोज घेतलं गेलं तर जीवावर बेततं आणि "एमटीएक्स 15 चालू" अशा ओळीवरून ती चूक सहज होते. मग तीन रिपोर्टचे आकडे तारखांसकट एकाखाली एक. मग माझी शंका: किडनी आणि पेनकिलर. मग काय टाळायचं, त्या औषधाच्या नावासकट. मग पुढचं पाऊल: नेहमीच्या तारखेची वाट न बघता दोन आठवड्यांत रक्त परत, आणि प्लेटलेट आणखी उतरल्या किंवा तोंडात फोड, ताप, अंगावर निळे डाग दिसले तर मेथोट्रेक्सेट लगेच थांबवून कळवा. आणि शेवटी, हे काकूंना कोणी आणि कधी सांगितलं. एवढंच. पानभरसुद्धा नाही. सगळ्या पेशंटसाठी एवढं लिहिणं शक्यच नाही आणि गरजही नाही, सर्दी-तापाला येणाऱ्यांची फाईल पुरेशी असते. पण रक्त पातळ करणारी औषधं, मेथोट्रेक्सेटसारखी औषधं, लिथियम, फिट्सची औषधं, गरोदर बायका, कॅन्सरची तपासणी चालू असलेले, आणि ज्यांचं निदानच अजून झालेलं नाही असे, या सगळ्यांसाठी लिहिलं.

नोट लिहून टेबलावर ठेवून द्यायची नाही हेही आम्ही ठरवलं. अशा फाईली घेऊन दोघं संध्याकाळी ओपीडी संपल्यावर बसायचो, मी सांगायचे आणि मग त्याने त्याच्या शब्दांत मला परत सांगायचं. सुरुवातीला तो वैतागला, "परीक्षा घेतेस का माझी?" पण काकूंच्या वेळी परत सांगताना तो मध्येच थांबला आणि म्हणाला, "थांब, दोन आठवडे कशाला? पेनकिलर आजच बंद करायला सांग, रक्त याच आठवड्यात घेऊ आणि ते येईपर्यंत या रविवारचा डोस थांबवू." बरोबर होतं त्याचं. मला त्या पेशंटची सवय झाली होती, त्याचे डोळे ताजे होते. नोट तिथेच बदलली, काकूंना त्याच्यासमोरच फोन केला, आणि तो पहिल्यांदा त्यांच्याशी बोलला तो त्याच फोनवर.

आता पेशंटना कळवणं. बऱ्याच ठिकाणी निदान 30 दिवस आधी कळवावं असं धरतात, पण ज्यांचे उपचार लांबचे आहेत त्यांना 30 दिवस काहीच नाहीत, दुसऱ्या डॉक्टरची अपॉइंटमेंट मिळण्यातच तेवढे जातात. आम्ही दोन-अडीच महिने आधी पत्रं काढली. आधी दोन गोष्टी केल्या, त्या सांगायलाच हव्यात. एक, यादीतून वारलेल्यांची नावं काढली, त्यासाठी रिसेप्शनवरच्या ताईंइतकं उपयोगी दुसरं कोणी नाही, सॉफ्टवेअरमध्ये तो पेशंट नुसता "बऱ्याच दिवसांत आला नाही" असा दिसतो. दुसरं, फोन नंबर. कित्येक फाईलींवर नंबर असतो मुलाचा किंवा नवऱ्याचा, आणि बाईने नैराश्याची औषधं चालू असल्याचं घरी सांगितलेलं नसतं. म्हणून मेसेजमध्ये फक्त "आपल्यासाठी क्लिनिकचं पत्र आहे, कृपया संपर्क करा", आजाराचं नाव नाही, औषधाचं नाही, आणि पाकिटावर माझी स्पेशालिटीही नाही. नाजूक फाईलींच्या बाबतीत तर पत्रच पाठवलं नाही, त्या व्हिजिटला आल्या तेव्हा समोरासमोर दिलं.

पत्रात काय लिहायचं यावर आमचं चांगलंच वाजलं. माझा शेवटचा दिवस कोणता, नंतर क्लिनिकमध्ये कोण बघेल, फाईल कुठे राहील, कॉपी कशी मागायची, हे सगळं बिनवाद. माझा नवा पत्ता घालायचा का, इथे तो अडला. म्हणाला, "माझ्याच खर्चाने तुझी जाहिरात?" त्याचंही चूक नव्हतं, क्लिनिकचं भाडं पुढे त्यालाच भरायचं होतं. पण पेशंटला निवड द्यायची असेल तर तिन्ही वाटा दिसायला हव्यात: इथेच राहा, माझ्याकडे या, किंवा तिसऱ्याच कोणाकडे जा. एक वाट लपवली की ती निवड उरत नाही. शेवटी माझा पत्ता एका ओळीत आला, फोटो नाही, "अत्याधुनिक सुविधा" नाही, आणि पोस्टेज अर्धंअर्धं. मी का सोडतेय ते अजिबात लिहिलं नाही. "वैयक्तिक कारणामुळे" हेही नाही, कारण त्यानेच लोक जास्त तर्क करतात. पत्राखाली एक फॉर्म: माझ्या फाईलची कॉपी अमुक डॉक्टरांना द्यावी, नाव, तारीख, सही. फॉर्म परत आला नाही तर फाईल जिथे आहे तिथेच, मौन म्हणजे होकार असं काही धरायचं नाही.

पत्रापेक्षा जास्त काम करतं ते रिसेप्शनवरचं एक वाक्य. दुसऱ्या एका क्लिनिकमधून आलेल्या पेशंटने मला सांगितलं होतं की त्यांनी डॉक्टरांबद्दल विचारलं तर "ते आता येत नाहीत" एवढंच उत्तर मिळालं, ते बिचारे समजले डॉक्टर आजारी आहेत, थांबू, आणि थांबता थांबता रक्तदाबाच्या गोळ्या संपल्या. म्हणून आमच्या ताईंसाठी वाक्य लिहून काउंटरच्या आत चिकटवलं: डॉक्टर अमुक तारखेपासून इथे नाहीत, आता हे डॉक्टर बघतात, त्यांचा नवा पत्ता हवा असेल तर देते, तुमच्या गोळ्या किती दिवसांच्या उरल्यात? शेवटचा प्रश्न ताईंनीच सुचवला.

शेवटच्या काही आठवड्यांत मी लांबचं काही नव्याने सुरू केलं नाही. ज्या औषधाचा डोस दर काही आठवड्यांनी बघून वाढवावा लागतो ते मी सुरू करून मी निघून जायचं यात अर्थ नाही, तिथे पहिल्या दिवसापासून पार्टनरलाच सोबत बसवलं. थायरॉइडच्या गोळ्या चालू असलेली एक मुलगी नेमकी तेव्हाच गरोदर राहिली. गरोदरपणात थायरॉइडची गरज वाढते आणि पहिल्या अर्ध्या काळात टीएसएच साधारण दर चार आठवड्यांनी बघावा लागतो. तिची पुढची तारीख माझ्या शेवटच्या दिवसानंतरची होती. तिला मी सरळ विचारलं, कोणाकडे जाणार, आत्ता ठरव. तिने तिसराच डॉक्टर सांगितला, माहेरच्या जवळचा. मग तिच्यासमोरच त्यांना फोन करून तारीख घेतली आणि कॉपी तिच्या हातात दिली.

निघायच्या दिवशीची कामं अगदी रुक्ष. माझं लॉगिन बंद करायचं, पण डिलीट नाही, नाहीतर जुन्या नोंदींवरचं माझं नाव जातं आणि त्या कोणी लिहिल्या ते कळत नाही. माझे लेटरहेड आणि शिक्के मोजून माझ्याकडे. आणि लॅबचं अकाउंट, हे लोक विसरतात. रिपोर्ट माझ्या नावाच्या ईमेलवर येत होते, लॅबला लेखी कळवून ते पार्टनरच्या नावावर वळवले, तरी पुढचे काही आठवडे एखाददुसरा माझ्याकडे यायचाच, कारण सॅम्पल आधीचं, फॉर्मवर नाव माझं. कल्चरचे रिपोर्ट उशिरा येतात, बायोप्सीचे त्याहून उशिरा. ठरलं होतं की असा रिपोर्ट आला की मी त्याच दिवशी पार्टनरला पाठवायचा आणि त्याने "बघितला" असं उत्तर द्यायचं. उत्तर नाही आलं तर फोन.

पोस्टातून काही पत्रं परत आली, पत्ता बदललेला, घर बंद. पार्टनर म्हणाला टाकून देऊ. मी म्हटलं नको, पाकीट न उघडता, पोस्टाच्या शिक्क्यासकट त्या त्या फाईलला लावून ठेव, कळवायचा प्रयत्न केला होता याचा तो पुरावा आहे. आणि त्यातले जे जोखमीच्या यादीत होते त्यांना ताईंनी वेगवेगळ्या वेळी फोन लावले. एकजण तरीही सापडले नाहीत, ते 7 मिलिमीटरवालेच. त्यांच्या नावापुढे कॅलेंडरवर अजून खूण आहे, आणि दर महिन्याला ताई एकदा नंबर लावून बघतात.